घरी गोधड्या शिवणाऱ्या ताईंना परदेशातून ट्रायल ऑर्डर द्यायची आहे, पत्रात नेमकं काय लिहावं?

उत्रेखकर

नमस्कार मंडळी. नेदरलँड्समध्ये माझा घरगुती वापराच्या कापडी वस्तूंचा छोटा व्यवसाय आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंच्या हाताने शिवलेल्या गोधड्या मागवायच्या आहेत. त्या घरीच काम करतात, मदतीला दोन शेजारणी असतात. आधी सहा नगांची ट्रायल ऑर्डर, जमलं तर पुढे नियमित. पत्राचा मसुदा असा केलाय:

"ताई, नमस्कार. तुमच्या गोधड्यांचे फोटो पाहिले, काम फार आवडलं. आम्हाला सहा गोधड्या हव्या आहेत. साइज 130 × 170. शुद्ध कॉटन, चांगल्या क्वालिटीचं. रंग निळे आणि मातकट. टाके जवळजवळ असावेत. दीड महिन्यात मिळाव्यात. एका नगाचा भाव कळवा."

यात काय राहिलंय? सोफ्यावर किंवा पलंगाच्या पायथ्याशी टाकायला म्हणून विकणार आहे.

टिपणीस_काकू

मसुद्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ निघतात. आत्ता फक्त मापाबद्दल लिहिते.

130 × 170 हे कशाचं माप? कापड बेतायचं, तयार गोधडीचं, की धुतल्यानंतरचं? तिन्ही वेगळी असतात. मांजरपाट न धुता वापरला आणि पहिल्या धुण्यात पाच टक्के आटला, तर 170 मधले साडेआठ सेंटिमीटर गेले. शिवाय धावदोरा घालताना दोरा ओढला जातो आणि गोधडी लांबी-रुंदी दोन्हीकडून आत येते. किती येते ते हातावर अवलंबून. घट्ट हाताची बाई आणि सैल हाताची बाई यांच्या गोधड्या एकाच कापडातून दीड-दोन इंचांनी वेगळ्या निघतात.

तेव्हा "तयार माप, एकदा धुऊन वाळल्यावर" असं स्पष्ट लिहा. सेंटिमीटरसोबत इंच द्या, कारण घरी शिवणाऱ्या बायका इंची टेप वापरतात. तुमचं माप म्हणजे 51 × 67 इंच. सगळं कापड बेतण्याआधी धुऊन, वाळवून घ्यायला सांगा. बेतताना 54 × 70 घेतलं तर ओढ आणि कडा दोन्ही सांभाळता येतात.

रानजाई

काकू, "बेतताना 54 × 70" ठीक, पण जास्तीचं कापड कापणार कधी? आपल्याकडच्या पद्धतीत कड आधी दुमडून घेतात आणि बाहेरून आत, चौकटीत चौकट अशी गोधडी भरत नेतात. कड बंद झाल्यावर मापाला कापता येत नाही. जे माप येईल ते येईल.

टिपणीस_काकू

बरोबर, म्हणून उत्रेखकरांना आधी पद्धत निवडावी लागेल.

एक, पारंपरिक: कड आधी, टाके बाहेरून आत. दिसायला सुंदर, पण कापड मध्याकडे सरकत जातं आणि आधी कच्चे टाके नीट घातले नसतील तर मधोमध फुगा येतो. इथे मापात दोन्ही बाजूंना किमान 3 सेंटिमीटरची सूट द्यावीच लागेल.

दोन: सरळ ओळींत टाके, सगळं शिवून झाल्यावर मापाला कापायचं, मग कडेला पट्टी लावायची. इथे 1 सेंटिमीटरची सूट पुरते. पण मग ती थोडी 'क्विल्ट'सारखी दिसते.

तुम्हाला ताईंच्या फोटोत जे आवडलं ते पहिल्या पद्धतीचं असेल, तर दुसऱ्या पद्धतीची सूट मागू नका.

उत्रेखकर

चौकटीत चौकटच आवडलीय. मग 3 सेंमी सूट मान्य. विक्रीच्या पानावर "हातकाम असल्याने मापात फरक" असं लिहीन.

कोयनाकाठ

छान धागा. नेदरलँड्सला माल पाठवायचा तर आधी वेबसाइट काढा, फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर घ्या, आणि परदेशी गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे आगाऊ घ्या. उधारी अजिबात नको.

रानजाई

कोयनाकाठ, धागाकर्ते पाठवणारे नाहीत, मागवणारे आहेत. :) पण आगाऊ रकमेचा मुद्दा इथेही लागू आहे, फक्त उलट बाजूने. कापडाचे पैसे ताईंनी खिशातून घालायचे का, हे पत्रात यायला हवं.

हिशेबनीस

भाव कळवा, असं विचारू नका. घरून काम करणारी बाई अशा वेळी शेजारच्या बाजारातला भाव सांगते आणि मग तुमच्या अटींमुळे काम वाढलं की अडकते. तुमच्या मसुद्यातलं "टाके जवळजवळ" हे दोन शब्दच भाव ठरवतात. आकडेमोड करून दाखवतो.

गोधडीचं क्षेत्रफळ 1.3 × 1.7 = 2.21 चौरस मीटर. टाक्यांची एकूण लांबी काढायला याला दोन ओळींतल्या अंतराने भागायचं. ओळी सरळ असोत वा चौकटीत, लांबी साधारण तेवढीच भरते.

ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवलं तर सुमारे 147 मीटर. दोन ठेवलं तर 110. अडीच ठेवलं तर 88.

आता ताईंना सांगा की एक मीटर धावदोरा घड्याळ लावून घाला, तोही तीन पदरांतून, नुसत्या कापडावर नाही. समजा पंधरा मिनिटं लागली. दीड सेंटिमीटरला जवळजवळ 37 तास, अडीचला 22 तास. ताशी 80 रुपये धरले तर मजुरी एकीकडे 2,960 आणि दुसरीकडे 1,760. कापड, दोरा, धुणं, इस्त्री वेगळं. एकाच "चांगल्या" गोधडीत बाराशे रुपयांचा फरक, तोही डोळ्यांना फार न जाणवणाऱ्या अंतरावरून.

पिंपळपान

ताशी हिशेब घरगुती कामाला बसत नाही हो. बायका दुपारी चार टाके घालतात, मध्येच दूध उतू जातं, मग रात्री परत बसतात. नगावर ठरवा. सगळीकडे नगावरच चालतं.

हिशेबनीस

पैसे नगावरच द्या, त्याला ना नाही. पण नगाचा दर कशावरून आला हे दोघांना माहीत हवं. उद्या उत्रेखकरांनी अंतर अडीचवरून दीडवर आणलं तर ताईंना लगेच म्हणता यावं की काम दीडपटीहून जास्त झालं. घड्याळ फक्त एका मीटरला लावायचं आहे, दिवसभर नाही.

पिंपळपान

तरी मला वाटतं पहिल्याच पत्रात घड्याळाची भाषा केली तर ताई बिचकतील. एक नमुना गोधडी करायला सांगून तिचे पूर्ण पैसे द्या. तो नग झाल्यावर दर त्याच सांगतील.

टिपणीस_काकू

पिंपळपान यांची सूचना व्यवहारी आहे. सहापैकी पहिला नग नमुना धरा. तो पसंत पडला की उरलेले पाच.

नमुन्याबाबत एक गोष्ट विसरू नका. एकच नमुना करून तुमच्याकडे मागवलात तर ताईंकडे तुलनेला काहीच राहत नाही. वीतभर चौकोनाचे दोन तुकडे त्याच कापडाचे, त्याच दोऱ्याचे, त्याच अंतराच्या टाक्यांचे करून घ्या. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, दोन्हींच्या मागे तारीख आणि सही. पुढे वाद झाला तर फोटो नव्हे, तो तुकडा बोलतो. रंगाचंही तेच. मोबाइलवर जो निळा दिसतो तो प्रत्येक पडद्यावर वेगळा. कापडाच्या चिंध्या पुठ्ठ्यावर चिकटवून नंबर घाला आणि पत्रात "निळा" न लिहिता "नंबर 3" लिहा.

टाक्यांच्या अंतरासाठी पुठ्ठ्याची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून पाकिटात घाला. सेंटिमीटर, सूत, बोट या सगळ्यापेक्षा ती बरी.

सुरंगीचा_वळेसार

रंग जाण्याबद्दल कोणी बोललं नाही. मातकट आणि गडद निळा शेजारी आला की पहिल्या धुण्यात घोटाळा ठरलेला. कापड रात्रभर मीठ आणि तुरटीच्या पाण्यात भिजवायला सांगा, रंग पक्का होतो. आजीच्या काळापासूनचा उपाय आहे.

टिपणीस_काकू

अर्धं बरोबर. मंजिष्ठेसारख्या नैसर्गिक रंगात तुरटी रंगवण्याआधी लागते, ती रंगाला धाग्याशी बांधते. पण बाजारातलं कापड आधीच रासायनिक रंगात रंगवून आलेलं असतं. त्यातला जो रंग धाग्याला धरलेलाच नाही तो मीठ-तुरटीने धरत नाही. फार तर त्या पाण्यात कमी सुटतो, आणि पुढे साबण लागला की परत सुटतो. तो मोकळा रंग काढून टाकणं हाच उपाय: गरम पाणी, साबण, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुणं. गडद रंग वेगळे धुवायचे.

तपासायचं कसं: ओलं पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून कापडावर दहा वेळा जोरात घासायचं. फडक्याला रंग लागला तर परत धुवायचं. तीन धुण्यांनंतरही लागत असेल तर ते कापड या ऑर्डरला नको. हे बेतण्याआधी करायचं. शिवल्यावर कळून उपयोग नाही, कारण सुटलेला रंग आतल्या पदरात शिरतो.

सुरंगीचा_वळेसार

हे माहीत नव्हतं. मंजिष्ठेचं लक्षात ठेवते.

पूर्वाषाढा

"शुद्ध कॉटन"वर येते. जुन्या साड्यांच्या गोधड्या असतील तर कोणता पदर शुद्ध सुती आहे हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. युरोपीय संघात कापडी वस्तूवर धाग्याचं प्रमाण लिहिणं बंधनकारक आहे (नियम 1007/2011), आणि ते विकायच्या देशाच्या भाषेत, म्हणजे तुमच्याकडे डचमध्ये. तुम्ही शंभर टक्के कापूस लिहिलं आणि आतल्या पदरात पॉलिएस्टरची साडी निघाली तर जबाबदारी तुमची, ताईंची नाही.

घरी ओळखायला कडेचे दोन-चार धागे काढून जाळून पाहतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पण मिश्र कापडात यावरून प्रमाण कळत नाही.

रंगाचाही नियम आहे. काही अझो रंगांतून घातक अमाइन सुटतात. त्यांची मर्यादा किलोला 30 मिलिग्रॅम, आणि अंगाला लागणाऱ्या, अंथरायच्या-पांघरायच्या वस्तूंना ती लागू आहे. जुन्या साडीचा रंग कुठला, हे कोण सांगणार? म्हणून ट्रायलसाठी नवं कापड घ्या, एकाच लॉटचं थान, शक्य तर चाचणीचा दाखला असलेल्या गिरणीचं, आणि बिल जपा.

रानजाई

पण मग गोधडी ती काय राहिली? जुनं मऊ लुगडं हाच तिचा जीव. नव्या कडक कापडाची गोधडी म्हणजे नुसती जाड चादर.

पूर्वाषाढा

भावना पटते. पण दुकानात विकायची वस्तू आहे, बारशाला द्यायची नाही. आणि बारशावरून आठवलं: उत्रेखकर, "लहान आकारात दुपटी पण करा" असा मोह पहिल्या ऑर्डरीत टाळा. पाळण्यातल्या बाळाच्या पांघरुणाला सुरक्षिततेचं वेगळं मानक आहे (EN 16779-1) आणि त्याच्या चाचण्यांचा खर्च सहा नगांवर निघत नाही.

रानजाई

नवं कापड तीनदा गरम पाण्यात धुतलं की बरंच मऊ पडतं, हे मान्य. तरी माझं मन जुन्यातच आहे.

विणूताई_लोकरवाल्या

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी क्रोशाची तोरणं करते. एका बाहेरच्या व्यापाऱ्याने चार नमुने फुकट मागितलेत, पसंत पडले तर मोठी ऑर्डर म्हणतो. द्यावे का? आणि पार्सलवर "गिफ्ट" लिहून पाठव म्हणाला.

हिशेबनीस

फुकट चार नको. एक नमुना, दुप्पट दराने, आणि ऑर्डर आली तर जादा रक्कम बिलातून वजा. खरा गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही.

पूर्वाषाढा

आणि "गिफ्ट" मुळीच नको. युरोपात भेटीची सवलत खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला, मोबदल्याशिवाय, अधूनमधून पाठवलेल्या 45 युरोपर्यंतच्या वस्तूंसाठी आहे. व्यापारासाठीचा माल त्यात बसत नाही, ते खोटं घोषणापत्र होतं. उत्रेखकर, तुम्हालाही कोणी सुचवेलच.

उत्रेखकर

सुचवलंय दोघांनी. :) करणार नाही. पण ताईंकडे निर्यातीचं काहीच नाही. काय लागेल?

बंदरावरचा

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक. डीजीएफटी म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, त्याच्या संकेतस्थळावर, पॅन आणि बँक खात्यावर, 500 रुपये शुल्क. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करावी लागते, बदल नसला तरी, नाहीतर क्रमांक निष्क्रिय होतो. माल पोस्टाने पाठवता येतो, डाकघर निर्यात केंद्रातून. तिथे ऑनलाइन पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट भरायचं.

पण सहा नगांसाठी ताईंवर हे लादू नका. सातारा-पुण्यात आयईसी असलेला एखादा निर्यातदार गाठा. ताई त्याला देशातच विकतील, तो तुम्हाला पाठवेल. त्याचं कमिशन जाईल, पण ताईंना पैसे आठवड्यात मिळतील. ट्रायल जमली तर मग आयईसी काढू द्या.

तुमच्या बाजूने ईओआरआय, म्हणजे युरोपीय कस्टम्सचा नोंदणी क्रमांक, तयार ठेवा, तो बिलावर येऊ द्या. कस्टम्सच्या वर्गवारीत 9404 धरा, रजया त्यात येतात.

पूर्वाषाढा

9404 बद्दल मला शंका आहे. त्यात आत भरण असलेल्या वस्तू येतात. फक्त कापडाचे तीन पदर शिवलेली गोधडी भरण असलेली मानायची का? काहीजण ती 6304 मध्ये, म्हणजे घरसजावटीच्या कापडी वस्तूंत, घालतात.

बंदरावरचा

मधला पदर हेच भरण, असं माझं मत. आतापर्यंत तसंच गेलंय.

पूर्वाषाढा

"गेलंय" आणि "बरोबर आहे" यात फरक आहे. उत्रेखकर, डच कस्टम्सकडे वर्गवारीचा लेखी बंधनकारक निर्णय मागता येतो, तीन वर्षं चालतो. नियमित धंदा करायचा असेल तर नमुना हातात आल्यावर तो मागा.

आणखी एक. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपात उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू आहे. वस्तूवर किंवा वेष्टनावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि ईमेल लागतं, शिवाय आयातदाराचंही. ताईंच्या घरचा पत्ता प्रत्येक गोधडीवर छापायचा का, हे त्यांना विचारा. तुम्ही स्वतःच्या ब्रँडखाली विकलंत तर नियमाच्या दृष्टीने उत्पादक तुम्हीच ठरता. मग पत्ता तुमचा, आणि जबाबदारीही सगळी तुमची.

बंदरावरचा

खोक्याचं सांगतो, तिथे पैसे जातात. एका गोधडीचं वजन: चौरस मीटरला 120 ग्रॅम भरणारं कापड, तीन पदर, 2.21 चौरस मीटर, म्हणजे 800 ग्रॅमच्या आसपास. दोरा-कडा धरून 900. सहा नग आणि खोकं मिळून 6 किलो. पण 45 × 35 × 30 सेंमीच्या खोक्यात घातलं तर कुरिअर लांबी × रुंदी × उंची भागिले 5000 या हिशेबाने साडेनऊ किलोचे पैसे लावतो. घड्या दाबून, हवा काढून 20 उंचीच्या खोक्यात बसवलं तर 6.3 किलो. घडीचं मापही पत्रात लिहा: 43 × 34 सेंमी.

कोयनाकाठ

आता पुरतं समजलं. एक भर घालतो. दीड महिना म्हणताय तो कुठला? आषाढ-श्रावण असेल तर आमच्या भागात तीन पदरांची गोधडी चार दिवस वाळत नाही. वरून कोरडी लागते, आतला पदर दमट राहतो, आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केली की वाटेत कुबट वास धरते. मग बुरशीचे काळे ठिपके. पिशवीत बंद करण्याआधी घडीच्या पोटात हात घालून पाहावं, गार लागलं तर ओली समजायची.

टिपणीस_काकू

कोयनाकाठ, हा फार कामाचा मुद्दा. त्यालाच जोडून: डांबराच्या गोळ्या घालू नका म्हणून लिहा, सवयीने घातल्या जातात आणि तो वास कित्येक धुण्यांत जात नाही. आणि सुया. रोज काम संपल्यावर सुया-टाचण्या मोजायच्या. सुई मोडली तर दोन्ही तुकडे कागदावर चिकटवून ठेवायचे. तुकडा सापडला नाही तर तो नग पाठवायचा नाही. शेवटी प्रत्येक गोधडीवरून दोन्ही बाजूंनी मोठा लोहचुंबक फिरवायचा.

आता सगळ्यांचं धरून मसुदा असा होईल. उत्रेखकर, तुमच्या भाषेत करून घ्या.

"ताई, नमस्कार. तुमच्या चौकटीच्या गोधड्या आवडल्या. आधी एक नमुना गोधडी हवी, तिचे पूर्ण पैसे देईन. ती पसंत पडली तर तशाच आणखी पाच.

माप: तयार होऊन, एकदा धुऊन वाळल्यावर 51 × 67 इंच (130 × 170 सेंमी). सव्वा इंच इकडे-तिकडे चालेल. कड तुमच्या नेहमीच्या पद्धतीने.
कापड: तीन पदर, नवं सुती, सोबतच्या पुठ्ठ्यावरचे नंबर 1, 3 आणि 4. कापड-दोऱ्याचे पैसे मी आधी पाठवीन, बिल ठेवा. बेतण्याआधी गरम पाण्यात धुवा, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटत नाही ना ते पाहा.
टाके: दोन ओळींत सोबतच्या पट्टीएवढं अंतर. टाका थोडा लहान-मोठा झाला तर चालेल, ते हातकाम आहे. ठिगळांची मांडणी तुमच्या मनाने.
चालणार नाही असं: रंग सुटणं, मधोमध फुगा, सुटलेली कड, दमटपणा किंवा वास, राहिलेली सुई-टाचणी.
दोष निघाला तर: तुम्हाला दुरुस्त करता आला तर करा, त्यासाठी आठ दिवस जादा. माझ्याकडे आल्यावर निघाला तर फोटो पाठवीन, माल परत पाठवणार नाही, पैसे कापायचे का ते दोघांनी बोलून ठरवू.
नमुना शिवताना एक मीटर टाक्यांना किती वेळ लागतो तेवढं पाहून ठेवा, त्यावरून नगाचा दर ठरवू. मुदत तुम्ही सांगा."

पिंपळपान

"पैसे कापायचे का ते बोलून ठरवू" हे मोघम आहे. आधीच ठरवा, नाहीतर ताईंना बोलता येणार नाही. समोर परदेशातलं गिऱ्हाईक, कोण वाद घालणार?

हिशेबनीस

पिंपळपान यांना अनुमोदन. माल ताईंकडून निघण्याआधी प्रत्येक नगाचे चार फोटो, टेप लावून माप दिसेल असे, आणि धुण्याचा एक व्हिडिओ. उत्रेखकरांनी ते पाहून होकार दिला की पुढचा धोका त्यांचा. एकही रुपया कापायचा नाही.

पूर्वाषाढा

रंग सुटणं फोटोत कसं दिसणार?

हिशेबनीस

घासलेलं फडकं फोटोत ठेवायचं, गोधडीच्या नंबरासह.

उत्रेखकर

हिशेबनीसांची अट घालतो: होकारानंतर कपात नाही. मुदत आता दिवाळीनंतरची मागतो, म्हणजे वाळवणाचा प्रश्न सुटेल. चिंध्यांचा पुठ्ठा आणि पट्टी या आठवड्यात पोस्टात टाकतो. एकच राहिलं: ताईंच्या फोटोत चारही कोपऱ्यांना कापडाची छोटी घडीची फुलं आहेत. ती ठेवावीत ना? धुताना सुटतात का?

रानजाई

ठेवाच. पण फूल कड शिवतानाच आत धरून शिवलेलं असेल तर सुटत नाही, वरून टाचलेलं असेल तर सुटतं. नमुन्याचा कोपरा उलटा करून, आतून फोटो मागा.